चार तासांच्या आत

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मार्सेलहून तक्रार आली आणि नऊ पंचवीसला कारखान्याचे मॅनेजर सी अब्देलमूला गिझलानच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. इथे साहेबांना 'सी' म्हणतात. मोरोक्कोतल्या साफीच्या बंदरात बोट लागल्याची बातमीसुद्धा त्यांना इतक्या लवकर कळत नसे. वाईट बातमीला मात्र त्यांच्या ऑफिसचा पत्ता तोंडपाठ होता.

"वाचलंस?"

"वाचतेय."

तारलीच्या डब्यांचे एकतीस खोके तळाशी तेलकट झालेले होते. फोटो पाठवले होते, आणि ते चांगले स्वच्छ होते. आयातदाराकडच्या मादाम रुसेल फोटोसुद्धा हिशेबाने काढत. डब्याचं झाकण जिथे दुमडून घट्ट बसतं, तिथून तेल झिरपत होतं. डब्यांवर छापलेला शिक्का स्पष्ट दिसत होता: लाईन दोन, बावीस फेब्रुवारीची रात्रपाळी. वेळा होत्या 02:11, 02:19, 02:26. माल अजून त्यांच्याच गोदामात होता, दुकानांत गेला नव्हता. खाली एकच प्रश्न होता: 'बाकीचा माल विकावा की नाही?'

दुमडीतून तेल बाहेर येतं तेव्हा प्रश्न तेलाचा नसतो. जिथून तेल बाहेर येतं तिथून आत काहीही जाऊ शकतं. हे गिझलानला कुणी सांगायला नको होतं. बारा वर्षं ती बूझिदान कॅनरीत, म्हणजे मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात, माल तपासण्याचं काम पाहत होती, आणि रात्री झोपेतही तिची बोटं डब्याच्या कडेवरून फिरत असतात असं तिची आई म्हणे.

"आत्ता काही लिहू नकोस," सी अब्देलमूला म्हणाले. "आधी काय झालं ते बघू. कारण कळलं की मग झोकात पत्र पाठवू."

"चार तास आहेत माझ्याकडे. एक वाजून वीस मिनिटांपर्यंत."

"हा चार तासांचा नियम कुणी केला?"

"मी. सही तुमची आहे."

सी अब्देलमूला वाचल्याशिवाय सही करत आणि सही केल्यानंतर वाचत. हा त्यांचा जुना खाक्या होता. ते खुर्ची ओढून बसले.

"पोरी, मिळालं म्हणून लिहिलंस की ते म्हणणार कबूल केलं. मग कंटेनर परत. मग करार गेला. लाईन दोनवरच्या साठ बायकांना तू घरी पाठवशील का मी?"

"मागच्या वर्षी बेल्जियमवाल्यांना अठरा दिवस काहीच लिहिलं नाही आपण. कारण शोधत बसलो. सापडलं तेव्हा काय निघालं? त्यांच्याच गोदामातल्या माणसाने खोके आपटले होते. आपण खरे ठरलो. आणि आज ते माल कुणाकडून घेतात?"

बेल्जियमवाले आता माल घेत होते तो सी अब्देलमूलांच्याच अगादीरमधल्या सख्ख्या साडूकडून.

गिझलानने पत्र लिहिलं. त्यात तिने माफी मागितली नाही, बचाव केला नाही, आणि 'बहुधा' हा शब्द तर एकदाही वापरला नाही. या कामात माणसाला बुडवतो तो 'बहुधा'च. तिने लिहिलं:

'तुमची तक्रार आज सकाळी मिळाली. फोटो आणि शिक्के आम्ही पाहिले. कारण अजून माहीत नाही. त्या रात्रीचा सगळा माल, एक हजार पाचशे तीस खोके, कृपया बाजूला ठेवा, विकू नका. कुठल्या पॅलेटवर कुठले खोके आहेत त्याची यादी आज संध्याकाळी पाचला पाठवते. त्यानंतर रोज सकाळी दहाला कळवेन, नवीन काही असो वा नसो. आणि यातले कुठले डबे काढून टाकायचे व कुठले ठेवायचे, याचं उत्तर गुरुवारी दुपारी बाराच्या आत देईन. सगळ्या वेळा तुमच्या घड्याळाप्रमाणे.'

शेवटचं वाक्य तिने सवयीने लिहिलं. वेळेखाली 'कुणाची' हे लिहिल्याशिवाय या गावात चहाचं आमंत्रणसुद्धा देता येत नाही. रमजानसाठी सरकार घड्याळ एक तास मागे नेतं, रमजान संपला की पुन्हा पुढे आणतं, आणि निम्मं गाव 'जुन्या वेळे'ने राहतं ते वर्षभर तसंच. ईद होऊन पंधरा दिवस झाले तरी लाईनवरच्या बायका 'जुने दहा की नवे?' असं विचारल्याशिवाय जेवायला उठत नव्हत्या.

सी अब्देलमूलांनी पत्र पाहिलं आणि बोट गुरुवारवर ठेवलं.

"आणि गुरुवारपर्यंत कारण सापडलं नाही तर?"

"कारण गुरुवारी देईन असं लिहिलंय कुठे? कुठले डबे काढायचे एवढंच लिहिलंय. कारण सापडलं तर थोडे. नाही सापडलं तर सगळे."

"सगळे! आख्खा कंटेनर!"

"हो."

"तू माझ्या डोक्यावर कुऱ्हाड टांगून तिला तारीख लावलीस."

"तारीख नसती तरी कुऱ्हाड तिथेच होती, सी. आता कधी पडणार ते तरी माहीत आहे."

अकरा वाजून पाच मिनिटांनी तिने पत्र पाठवलं. वीस मिनिटांत मादाम रुसेलचं एका ओळीचं उत्तर आलं: 'मिळालं. गुरुवारची वाट पाहते.' त्या ओळीत ना राग होता ना लोभ. गिझलानला मात्र ती ओळ गळ्यात बांधल्यासारखी वाटली. शब्द तिचा होता, आणि तो राखायला तिच्याकडे तीन दिवस होते.

संध्याकाळी पाचला यादी गेली. मंगळवारी दहाला पहिला निरोप गेला: वाफेच्या भट्टीचे तक्ते तपासले, तापमान आणि वेळ बरोबर होते. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. त्या रात्रीचं तपासणी कार्ड इतकं छान होतं की त्याची चौकट करून भिंतीला लावावी.

झाकण बसवणाऱ्या मशीनमधून दर अर्ध्या तासाने प्रत्येक डोक्याचा, म्हणजे झाकण दाबणाऱ्या प्रत्येक भागाचा, एकेक डबा उचलायचा, दुमड डोळ्यांनी आणि बोटांनी पाहायची, कार्डावर लिहायची. त्या रात्री हे काम मबार्का मावशीकडे होतं. दोन वाजता ठीक. अडीचला ठीक. तीनला तिसऱ्या डोक्याची दुमड खाली लोंबलेली. मशीन थांबवलं, मेकॅनिकने रूळ आवळला, आणि नियमाप्रमाणे शेवटच्या चांगल्या तपासणीपासूनचे, म्हणजे अर्ध्या तासाचे, साडेचार हजार डबे बाजूला काढून नष्ट केले. सगळं जसं पुस्तकात असतं तसं.

अडचण एवढीच होती की मार्सेलला झिरपणारे डबे 02:11 चे होते, 02:19 चे, 02:26 चे. अडीचच्या चांगल्या तपासणीच्या आधीचे. सव्वादोनला बिघडलेलं मशीन अडीचला आपोआप सुधारलं आणि तीनला पुन्हा बिघडलं, असं म्हणायचं तर त्या मशीनवर अंगारा लावायला हवा होता. मेकॅनिकने मशीन उघडलं, मिटलं, डोकं खाजवलं आणि आपल्याला मासळीचं वावडं असल्यासारखा बाहेर निघून गेला.

बुधवारी सकाळी साडेआठला सी अब्देलमूला स्वतःचं कारण घेऊनच आले.

"वाहतूक! समुद्रात कंटेनर हलला, डबे आपटले. आज दहाच्या निरोपात हेच लिही."

"आपटलेल्या डब्याला पोचा असतो. फोटोत एकही पोचा नाही."

"मग उष्णता लिही."

"एप्रिलमधली?"

"अगं, काहीतरी लिही! सलग दोन दिवस 'माहीत नाही, माहीत नाही' ऐकून ती बाई म्हणेल, हे कॅनरी चालवतात की शाळेतली पोरं आहेत?"

गिझलानला त्या क्षणी मोह झाला नाही असं नाही. खोटं कारण गरम मसेमन पोळीसारखं असतं, समोर आलं की हात आपोआप जातो. वाहतूक म्हटलं की सगळे सुटले: ती, सी अब्देलमूला, साठ बायका. पण मग गुरुवारी कुठले डबे काढायचे ते कशावरून सांगणार? चुकीच्या कारणावरून काढलेले डबे चुकीचेच असणार, आणि राहिलेला एखादा डबा कुणाच्या तरी घरी उघडला जाणार. तिला त्याची भीती वाटली, खरीखुरी.

"सी, मी 'रोज दहाला कळवेन' म्हटलंय. 'रोज दहाला काहीतरी रचेन' असं नाही म्हटलं."

त्या दिवशीच्या निरोपात तिने लिहिलं: 'कारण अजून माहीत नाही. काय काय तपासलं आणि काय सापडलं नाही ते खाली देत आहे.' जे होतं ते सगळं जोडलं. कार्डाची प्रत. बाजूला काढलेल्या साडेचार हजार डब्यांची नोंद. आणि मार्सेलला गेलेले डबे कुठल्या तासाचे किती, याचा तक्ता. तो तक्ता तिने माल भरतानाच्या शिक्क्यांच्या नोंदीवरून जसाच्या तसा काढला होता. नीट पाहिलासुद्धा नव्हता. सगळ्यांचे डोळे दुमडीवर खिळलेले असताना आकड्यांकडे कोण बघतो?

मादाम रुसेलने बघितलं. दुपारी तीनला फोन आला. फ्रेंचमध्ये, सावकाश, शाळेतल्या बाईंसारखा.

"मादाम, तुमच्या तक्त्यात मला एक गोष्ट समजत नाही. प्रत्येक तासाला साधारण नऊ हजार डबे."

"हो. मशीनचा वेगच तेवढा आहे."

"दोन ते तीनच्या तासातले अर्ध्या तासाचे डबे तुम्ही नष्ट केले. मग त्या तासाचे माझ्याकडे किती यायला हवेत? साडेचार हजार. माझ्याकडे साडेतेरा हजार आलेत. त्या तासात तुम्ही मशीन दुप्पट वेगाने चालवलंत का?"

गिझलानने तक्ता ओढला. साडेतेरा हजार. तिच्या समोरच्या भिंतीवर सी अब्देलमूलांनी स्वतः चिकटवलेला कागद होता: 'लाईन दोन, बावीस फेब्रुवारी, एका रात्रीत एक्याऐंशी हजार डबे! शाब्बास!' त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना खारकेची मिठाई वाटली होती. आठ तासांत एक्याऐंशी हजार. गिझलाननेही खाल्ली होती.

"मी उद्या सकाळी दहाला सांगते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

ती थेट लाईनवर गेली. मबार्का मावशी मशीनपाशी एक डबा कानाजवळ धरून हलवत होती. तिला वाचायला चष्मा लागे, पण दुमडीतली चूक तिला पाहण्याआधी हाताला कळे.

"मावशी, बावीस फेब्रुवारीची रात्र आठवते?"

"न आठवायला काय झालं? मासेमारीची बंदी उठल्यावरची पहिली मोठी मासळी. आणि तीच घड्याळ मागे गेल्याची रात्र. तास दोनदा आला. आम्ही नऊ तास राबलो आणि घड्याळाने आठच मोजले."

गिझलानने तिथेच बोटांवर तास मोजले.

रात्री तीनला सरकारने घड्याळ दोनवर नेलं. शिक्क्याचं मशीन शहाण्यासारखं स्वतःहून मागे गेलं आणि पुन्हा 02:00 पासून छापू लागलं. दोन ते तीन हा तास दोनदा आला, डब्यांवर दोनदा छापला गेला. 02:11 चा डबा एक पहिल्या तासाचा होता, एक दुसऱ्या.

"मग दुसऱ्यांदा दोन वाजले तेव्हा तपासलंस?"

"आले की मी डबे घेऊन. कार्डावर दोनचा रकाना भरलेला, अडीचचा भरलेला. मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, भरलेल्या रकान्यात पुन्हा लिहिलं की बाहेरचे तपासनीस खोट काढतात, कार्ड पूर्ण दिसतंय, जा तिकडे मासे लावायला बस." मबार्का मावशीने डबा खाली ठेवला. "खाडाखोड नको, हे तूच शिकवलंस. आणि लिहिली नाही ती तपासणी केलीच नाही, हेही तूच. मग लिहू कुठे? पुन्हा तीन वाजले तेव्हा आले, तर दुमड लोंबलेली."

म्हणजे शेवटची चांगली तपासणी अर्ध्या तासापूर्वीची नव्हतीच. ती दीड तासापूर्वीची होती. दीड तासाचे डबे संशयातले, आणि काढले अर्ध्याच तासाचे.

"मावशी, हे तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

मबार्का मावशीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की गिझलानला आपण पुन्हा सात वर्षांच्या झालो असं वाटलं.

"सांगितलं की. कार्डाच्या मागे लिहिलं होतं. उलटून बघ."

मूळ कार्ड गिझलानच्याच कपाटात होतं, सात आठवड्यांपासून, तिच्याच हाताने फायलीत लावलेलं. तिने ते उलटलं. मागे निळ्या शाईत, मोठ्या अक्षरांत, प्रौढ शाळेत शिकलेल्या हाताने, आदराची 'लाल्ला' लावून लिहिलेलं होतं:

'लाल्ला गिझलान, तास दोनदा आला. रकाना एकच आहे. काय करू?'

मार्सेलच्या बाईला एक तास पंचेचाळीस मिनिटांत उत्तर देणारी ती. मग तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की खिडकी उघडून तिने बंदराकडे तोंड केलं.

गुरुवारी दहाच्या निरोपात तिने घड्याळाची गोष्ट लिहिली आणि शेवटचं उत्तर बाराच्या आत येईल म्हणून कळवलं. मग ती उत्तर लिहायला बसली. सी अब्देलमूला खुशीत होते, जवळजवळ नाचत होते.

"सापडलं! एका तासाचे डबे! लिही, 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे एक तपासणी राहिली.' नाव घाल तिचं. त्यांना नाव आवडतं. मग मी मावशीला खरकटं धुवायच्या बाजूला घालतो, प्रकरण मिटलं."

"नाही."

"काय नाही?"

"तिने विचारलं होतं. लेखी. हे बघा."

त्यांनी कार्ड वाचलं, उलटलं, पुन्हा वाचलं. "हे मार्सेलला दाखवायची काय गरज? शांत डोक्याने विचार करू. बाराला अजून एक तास आहे."

"आपल्या बाराला. मार्सेल एक तास पुढे आहे, तिथे बारा वाजायला आठ मिनिटं आहेत."

"मग 'मुकादमाची चूक' लिही! तो तरी माझ्या मेव्हण्याचा मुलगा आहे, सांभाळून घेईन!"

गिझलानने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिची बोटं थांबली नाहीत.

'शिक्क्यात 02 असलेले सगळे डबे काढा: तेरा हजार पाचशे, दोनशे सत्तर खोके. त्यांतले काही पहिल्या तासाचे आणि चांगले आहेत, पण शिक्क्यावरून ते ओळखता येत नाहीत, म्हणून सगळेच काढा. उरलेले एक हजार दोनशे साठ खोके दर अर्ध्या तासाला तपासलेले आहेत. तरीही प्रत्येक तासाचे दहा डबे तुमच्याकडे कापून दुमड मोजून घ्या, तोपर्यंत विकू नका. त्या रात्री घड्याळ मागे गेलं आणि एका तासाच्या दोन तपासण्या झाल्या नाहीत, कारण कार्डावर त्यांना जागा नव्हती. ते कार्ड मी तयार केलं आहे. तपासणाऱ्या बाईंनी त्याच रात्री मला लेखी विचारलं होतं. मी ते वाचलं नाही. मशीनचा रूळ कशाने सैल झाला ते अजून माहीत नाही. त्याबद्दल सोमवारी दहाला कळवेन.'

"पुन्हा तारीख!" सी अब्देलमूला ओरडले. "पुन्हा माहीत नसताना तारीख! आणि स्वतःचंच नाव! बाई, तुला नोकरी नकोशी झालीय का?"

"हवी आहे," ती म्हणाली, आणि दहा चोपन्नला पत्र पाठवलं.

ते बाहेर गेले नाहीत. खुर्चीत बसून राहिले, मिशी ओढत. अकराला चहा आला, तो तसाच थंड झाला. साडेअकराला फोन वाजला. गिझलान ऐकत राहिली, दोनदा 'हो' म्हणाली, एकदा 'धन्यवाद'.

"काय म्हणाली?"

"दोनशे सत्तर काढतायत. बाकीचे दुमडी मोजून झाल्या की ठेवणार. जूनची मागणी तशीच आहे." तिने कार्ड पुढे ओढलं. "आणि विचारत होत्या, त्या तपासणाऱ्या बाईंना काय उत्तर दिलंत?"

सी अब्देलमूलांनी थंड चहा एका घोटात संपवला. मग जाता जाता भिंतीवरचा 'शाब्बास'चा कागद काढून घडी करून खिशात घातला.

गिझलानने कार्ड घेतलं, उलटं केलं आणि मबार्का मावशीच्या निळ्या अक्षरांखाली लिहिलं: 'तुझा प्रश्न मला काल मिळाला. सात आठवडे उशिरा. चूक माझी. तास दोनदा आला तर दोनदाच तपासायचं. जादा रकान्यांचं नवीन कार्ड सोमवारी सकाळी आठच्या आत तुझ्या हातात देईन. आणि मुकादमाशी मी आजच बोलते.' खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली आणि लाईनवर नेऊन दिलं.

मबार्का मावशीने हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच सगळं वाचलं, ओठ हलवत. मशीन खडखडत होतं. मग तिने कार्ड छातीशी धरलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"सोमवारचे आठ म्हणजे, पोरी, जुने का नवे?"

"तुझ्या घड्याळातले, मावशी."

मबार्का मावशीने मान हलवली, कार्ड घडी न करता एप्रनच्या खिशात ठेवलं आणि पुढच्या तपासणीचे डबे उचलायला वळली.